‘विंचरी’ की ‘विंचरायची’? काळ बदलत जाणाऱ्या अंतऱ्यांतली क्रियापदं

मोरपीस: एक गीत लिहिते आहे. चार अंतरे, एक तेव्हाचा, एक आताचा, असे आलटून पालटून. तेव्हा आई मुलीची वेणी घालायची, आता मुलगी आईची घालते. पहिल्या अंतऱ्याची सुरुवात:

गाठ सोडुनी केस विंचरी, हलके हलके बोट फिरे

आणि दुसऱ्याची:

थरथरणाऱ्या हाती आता फणी घेउनी बसते ती

दोन मैत्रिणींना चालीत ऐकवलं. दोघींनाही पहिला अंतरा आजचाच वाटला, दुसऱ्यातल्या ‘आता’ला त्या गोंधळल्या. ‘विंचरी’ हा भूतकाळच ना?

जुनी पोथी: व्याकरणाने भूतकाळच. ‘आजी रोज पहाटे उठे, दळण दळी’ हा रीतिभूतकाळ. पण जुन्या मराठीत हेच रूप वर्तमानाचं होतं आणि म्हणींत ते तसंच टिकलं आहे. ‘बळी तो कान पिळी’, ‘दाम करी काम’ ऐकून कोणाला भूतकाळ वाटत नाही. गद्यात ‘रोज’, ‘त्या काळी’ असं काहीतरी शेजारी असतं, म्हणून अर्थ पक्का होतो. तुमच्या ओळीत तसा आधारच नाही. ‘फिरे’चीही तीच गत.

संदीप_क: एवढा खल कशाला? तेव्हाच्या अंतऱ्यात सगळीकडे ‘-ला, -ली’, आताच्यात ‘-ते, -तो’. ‘केस विंचरले’ म्हटलं की भूतकाळ.

जुनी पोथी: अर्धं पटतं. आताच्या अंतऱ्याला ‘-ते’ चालेल. पण ‘-ला’ नुसतं काम झाल्याचं सांगतो, कधी झालं ते सांगत नाही. दारातून हाक आली की आपण आतून ‘आले, आले’ म्हणतो, तेव्हा अजून उठलेलोही नसतो. ‘केस विंचरले’ म्हणजे वीस वर्षांपूर्वी की मघाशी? शिवाय इथे एकदाचं विंचरणं नाही, रोजचं आहे. ते सांगायला ‘विंचरायची’च हवं. या रूपाचा वर्तमान कधीच होत नाही.

मोरपीस: पण ‘विंचरी’च्या पाच मात्रा, ‘विंचरायची’च्या आठ. ओळ सोळा-चौदाची आहे, कुठे बसवू?

टाळकरी: मी गाण्यांना चाली लावतो, म्हणून गायकाच्या बाजूने सांगतो. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाचणाऱ्याची नजर तिथवर लगेच पोचते, ऐकणाऱ्याला थांबावं लागतं. त्यात गायक ‘गाठ सोडुनी’ दोनतीनदा घोळवतो. तोवर श्रोत्याने मनात एक चित्र उभं केलेलं असतं, आणि ते आजचंच असतं. मग शेवटी अचूक क्रियापद आलं तरी चित्र पुसून नवं काढावं लागतं. म्हणून काळाची खूण पहिल्या शब्दातच द्या, क्रियापदाने ती नुसती पक्की करावी. ‘गाठ’ आणि ‘केस’ सोडायची तयारी असेल तर:

शाळेआधी विंचरायची, हलके हलके बोट फिरे

आठ आणि आठ, सोळा मात्रा झाल्या. ‘शाळेआधी’ ऐकताच मुलगी लहान झाली. एकदा काळ ठरला की ‘फिरे’ राहिलं तरी बिघडत नाही. आई कोण ते पुढच्या ओळीत येऊ द्या.

दुसऱ्या अंतऱ्यात ‘थरथरणाऱ्या हाती’ हीच खूण आहे, फार चांगली. तिथे ‘आता’ही आहे, तो राहू द्या. पहिल्या वळणावर दोन खुणा जड होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या अंतऱ्यात श्रोत्याला क्रम कळलेला असतो, तिथे एकच पुरे.

सारंगा: आमच्या गाण्यात संगीतकाराने जुन्या दिवसांच्या अंतऱ्याला फक्त बासरी ठेवली होती, तबला बंद. शब्द न बदलता काम झालं. तसं करा ना.

टाळकरी: ध्वनिमुद्रणात होतं. उद्या कोणी नुसत्या पेटीवर गायलं तर बासरी नाही आणि काळही नाही. शब्दांनी आपलं काम आधी करावं.

मोरपीस: ‘शाळेआधी’ घेते. ‘गाठ’ही गेली नाही, ती आताच्या अंतऱ्यात ‘मीच सोडते गाठ तिची’ अशी आली. आता ध्रुवपदाचं सांगा. सध्या ‘सुटली वेणी’ आहे. ते प्रत्येक अंतऱ्यानंतर येतं, मग ते कुठल्या काळातलं?

संदीप_क: ज्या अंतऱ्यानंतर येईल त्या काळातलं. ‘-ली’ काळ सांगत नाही म्हणालात ना, मग इथे ते सोयीचंच झालं.

जुनी पोथी: हे मात्र खरं. तरी माझं मत वेगळं. पुढचा अंतरा सुरू होताना कानात ध्रुवपदच असतं, त्याला एक ठाम जागा हवी. ‘सैल पडू दे वेणी, आई’ अशी विनंती केली की बोलणारी आजची ठरते, आणि दर वेळी तिथूनच मागे जाता येतं.

टाळकरी: मला संदीपचं पटतंय. तेव्हाची सुटलेली वेणी मुलीची, आताची आईची. एकच ओळ दोघींची होते, ती विनंतीत बांधली तर एकटीचीच उरेल.

मोरपीस: दोन्ही चालीत म्हणून बघते. ‘सुटली वेणी’ ठेवलं तर दुसऱ्यांदा कोणाची वेणी सुटली, हे नवीन ऐकणाऱ्याला विचारेन.