अनुभव धागा : 'भाऊसाहेब, तो फॉर्म द्या की'

धागा उघडताना

आधी छोटीशी कथा. तालुक्याच्या कचेरीत दुपारची वेळ. खिडकीपाशी टोपीवाला माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी पडलेला सातबारा.

"भाऊसाहेब, तो फॉर्म द्या की."

"कुठला फॉर्म, काका?"

"तोच, नाव लावायचा. वडील वारले आमचे."

"वारसाचं ना? वारस दाखला कोर्टातून आणावा लागतो."

काका गेले. आठ दिवसांनी परत त्याच खिडकीत, तोच प्रश्न. या वेळी कारकुनाने सेतूकडे बोट दाखवले. तिसऱ्या खेपेला काका नुसतेच उभे राहिले. कारकुनाने पिशवीतला सातबारा मागून घेतला, वडिलांचे नाव वाचले आणि विचारले, "काका, जमीन कुठल्या गावची?"

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. वारस नोंदीचे काम ज्यांना आतून-बाहेरून माहीत आहे, त्यांनी लिहावे : काका कोणता फॉर्म मागत होते, आणि गाडी कुठे अडते? गाऱ्हाणी नकोत, कामाचे लिहा.

चावडीवाला

काका मागतात तसा छापील फॉर्म असायलाच हवा असे नाही. साध्या कागदावरचा अर्जही चालतो, आणि तो तहसीलच्या खिडकीत नाही, जमीन ज्या गावची त्या गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा. अर्जात मयताचे नाव, मृत्यूची तारीख, खाते क्रमांक, गट नंबर आणि सगळ्या वारसांची नावे, वये, नाती, पत्ते. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसांचे आधार आणि वारसांबद्दलचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. अर्ज एकाच वारसाने दिला तरी चालतो, पण नावे सगळ्यांची हवीत.

पुढे दोन टप्पे आहेत आणि लोकांना दुसराच ठाऊक असतो. आधी गाव नमुना 6क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद होते. गावात चौकशी होते आणि मंडळ अधिकारी वारस ठरवतात. त्यानंतर नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस ठेवतात, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. नवे नाव त्यानंतरच सातबाऱ्यावर येते.

बांधावरून

तीन महिन्यांच्या आत अर्ज दिला नाही तर नोंद होत नाही, हे लक्षात ठेवा. कायद्यातच लिहिले आहे.

चावडीवाला

अर्धे बरोबर आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 मध्ये तीन महिन्यांत कळवायचे आहे. पण मुदत गेली म्हणून वारसाचा हक्क जात नाही, दहा वर्षांनीही नोंद होते. या गैरसमजापायी आजोबांच्या नावावरच राहिलेले सातबारे गावोगाव आहेत. मग आजोबांचे वारस, त्यातले वारलेले, त्यांचे वारस, अशी साखळी जुळवत बसावे लागते आणि प्रत्येक मयताचा दाखला वेगळा लागतो. 2025 च्या जिवंत सातबारा मोहिमेत अशाच नोंदी हाती घेतल्या होत्या.

कोर्टकचेरी

कथेतल्या कारकुनाचा घोळ इथेच झाला. वारस दाखला आणि वारस नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मयताच्या ठेवी, शेअर्स, येणे रक्कम यांसाठी दिवाणी न्यायालयाचा दाखला मागितला जातो. शेतजमिनीच्या साध्या, वाद नसलेल्या नोंदीला तो लागत नाही. खिडकीतून 'कोर्टात जा' म्हटले की माणूस वकिलाकडे जातो आणि विनाकारण खर्चात पडतो. वारसांमध्येच भांडण असेल तर गोष्ट निराळी.

सासुरवाशीण

लग्न झालेल्या बहिणींची नावे लागतात का? आमच्याकडे म्हणतात, त्यांनी हक्क सोडलाच आहे.

कोर्टकचेरी

लागतात, ताई. एक उदाहरण घेऊ. गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. दुसरा मुलगा आधीच वारलेला, त्याची विधवा आणि दोन लहान मुले आहेत. जमीन गृहस्थांची स्वतःची धरू. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि वारलेल्या मुलाची शाखा यांना प्रत्येकी पाव हिस्सा. त्या शाखेच्या पाव हिश्श्यात विधवा सून आणि दोन नातवंडे. गृहस्थांची आई हयात असेल तर पाव नाही, प्रत्येकी एक पंचमांश. म्हणजे आई हयात नसेल तर अर्जात सहा नावे, आणि वारलेल्या मुलाच्या मृत्यूचा दाखलाही जोडायचा. बहिणीला खरोखर सोडायचे असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. भावाने साध्या कागदावर सही घेतली, याला अर्थ नाही.

बांधावरून

पण एकदा सातबाऱ्याला नाव लागले की मालकी पक्की.

कोर्टकचेरी

नाही. ती महसुली नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, एवढेच. आणि वारस नोंद म्हणजे वाटणीही नव्हे. सहाही नावे सामाईक खात्यात राहतात, बांध कोणाचा कुठे हे त्यातून ठरत नाही.

गावठाण

घराच्या उताऱ्यालाही हाच अर्ज चालेल ना? आमचे घर वडिलांच्या नावावर आहे.

चावडीवाला

नाही चालणार. ग्रामपंचायतीचा नमुना 8 वेगळा, त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात.

सेतूजवळचा

ऑनलाइन करणाऱ्यांसाठी : pdeigr.maharashtra.gov.in वर ई-हक्क मध्ये वारस नोंदीचा अर्ज भरता येतो. अर्ज क्रमांक जपून ठेवा. परत येणाऱ्या अर्जांत दोन चुका फार दिसतात. पहिली, नावातला फरक. सातबाऱ्यावर 'रामा', दाखल्यावर 'रामचंद्र'. तलाठी एकच माणूस आहे असे धरून चालत नाही. जुना फेरफार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, काहीतरी जोडून दाखवावे लागते. दुसरी चूक अशी की शेजारच्या गावातही दोन गट असतात आणि तिथे अर्जच दिलेला नसतो. आठ-अ त्या एकाच गावचा असतो. प्रत्येक गावची 6क ची नोंद वेगळी, अर्जही वेगळा.

सातबाऱ्याच्या खाली 'प्रलंबित फेरफार' असे लिहिलेले असते, ते बघा. तिथे 'नाही' दिसते आणि नाव मात्र जुनेच आहे, म्हणजे फेरफार अजून धरलेलाच नाही किंवा रद्द झाला. तेव्हा तलाठ्याला 'झाले का' असे विचारू नका, 'फेरफार नंबर काय' असे विचारा.

चावडीवाला

यात एक भर. हरकत आली तर प्रकरण 6अ ला, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीला जाते आणि सुनावणी होते. साधी कुरबूर असेल तर ती 15 दिवसांत मिटवणे सगळ्यांच्याच सोयीचे.

सेतूजवळचा

प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर की साध्या कागदावर, हे मात्र अजून ठिकाणागणिक वेगळे ऐकायला मिळते.

बांधावरून

आमच्याकडे स्टॅम्पच मागतात.

कोर्टकचेरी

माझ्या मते साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र पुरे. पण जोपर्यंत खिडकी ऐकत नाही, तोपर्यंत हा वाद इथे मिटणार नाही.

सासुरवाशीण

त्या उदाहरणातल्या लहान नातवंडांच्या नावापुढे 'अ.पा.क.' असे लिहितील ना? ते काय असते, आणि कधी निघते?

चावडीवाला

अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे येते. अठरा पूर्ण झाली की वयाचा पुरावा जोडून शेरा कमी करण्याचा अर्ज द्यायचा, तोही ई-हक्क मधून होतो. आपोआप निघत नाही. तिशीतल्या माणसाच्या नावापुढेही तो राहिलेला दिसतो, आणि जमीन तारण ठेवायला गेल्यावर बँक तिथेच बोट ठेवते.