जिना चढताना गुडघा दुखतो : साठीनंतर काय उपयोगी पडलं ते लिहा

मंगळवार पेठ : आई ६६ वर्षांची, वजन ७८ किलो. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सपाटीवर ठीक, पण जिन्यावर उजव्या गुडघ्याच्या वाटीमागं कळ येते, उतरताना जास्तच. एक्स-रेत झीज आहे. बीपीची गोळी चालू आहे.

फिजिओ, राजारामपुरी : उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो. तो अशक्त असला की वाटीवरचा ताण सोसत नाही. आईंना पलंगावर पाय सरळ करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे, मग सोडायचं. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास रोखू देऊ नका, बीपी आहे. दोन आठवड्यांनी उंच खुर्चीतून उठणं-बसणं सुरू करा. बसताना धपकन टेकल्या तर फायदा गेला. सावकाश बसण्यातच खरा व्यायाम आहे. थोडं दुखलं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरायला हवं. नाही उतरलं तर आकडा निम्मा करा, बंद करू नका. फरक पडायला ६ ते ८ आठवडे लागतात.

उत्तरेश्वर : झीज झालीय म्हणजे वापर कमी करायचा, साधं आहे. जिना बंद, दिवसभर पट्टा.

फिजिओ, राजारामपुरी : फेऱ्या कमी करा, हे बरोबर. पण पूर्ण आराम दिला की स्नायू आणखी सुकतो. कठडा धरून चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आले की मग पुढची.

उत्तरेश्वर : पट्ट्यानं आधार वाटतो, हे मात्र मी सोडणार नाही.

कळंबा : माझं तर कमरेपासून पिंडरीपर्यंत मुंग्या येतात. हाच व्यायाम करू का?

फिजिओ, राजारामपुरी : काका, ते कमरेचं वाटतं. आधी तपासून घ्या.

औषध दुकान, शाहूपुरी : डायक्लोफिनॅक जेल दिवसातून एकदा चोळून 'गुण नाही' म्हणणारे रोज येतात. ते ३-४ वेळा लावायचं असतं आणि वर लगेच शेक घ्यायचा नसतो. दुखण्याच्या गोळ्या मनानं देऊ नका. बीपी वाढतं, मूत्रपिंडावरही ताण येतो.

रंकाळा : एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर. तिथूनच सुरुवात करा.

मंगळवार पेठ : चैत्रात जोतिबाला जायचा हट्ट आहे.

फिजिओ, राजारामपुरी : त्याआधी घरचा जिना दिवसातून दोनदा करून बघा. दुसऱ्या दिवशी सूज नसेल तर काठी घेऊन जाऊ देत, काठी डाव्या हातात. गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, किंवा अडकून सरळच होईना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.