‘टाकीला केली’ आणि ‘राहिल’: अहवालातल्या एका ओळीवरून ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी अनिलभाऊ: नमस्कार. वार्षिक सभेचा अहवाल उद्या सकाळी मेनरोडच्या प्रेसला द्यायचा आहे. बाकी पानं झाली, पाण्याबद्दलची ही ओळ एकदा बघून घ्या.

*समितीने या वर्षी पाण्याच्या टाकीला स्वच्छ केली असून यापुढे पाणी पुरवठा सुरळीत राहिल.*

पगार काका, सी-३०२: ओळ छान आहे. खरी आहे का एवढंच बघा. मंगळवारी आमच्या नळाला करंगळीएवढी धार होती.

निकम वहिनी: काका, तो मुद्दा सभेत काढा. ओळ वाचताना कुठेतरी अडखळायला होतंय, पण कुठे ते सांगता येत नाहीये.

तेजस, बी-१०४: मला तर सगळं बरोबर वाटतंय. समिती स्त्रीलिंगी, म्हणून ‘केली’. टाकीसुद्धा स्त्रीलिंगी, म्हणजे दोन्हीकडून ‘केली’च.

जोशी काकू, ए-२०३: तेजस, तुझं उत्तर जुळलंय पण गणित चुकलंय. कुकर लावलाय, दहा मिनिटांत सविस्तर लिहिते. अनिलभाऊ, तोवर प्रेसला पाठवू नका.

अनिलभाऊ: नाही पाठवत काकू. तुम्ही बावीस वर्षं प्रुफं वाचलीत, तुमच्याआधी पाठवायची हिंमत कुणाची.

जोशी काकू: झालं. आता बघा.

आधी ‘समितीने’. झालेल्या कामाबद्दल सांगताना करणाऱ्याला ‘ने’ लागला की क्रियापद त्याच्याकडे बघायचं सोडतं. ‘समितीने जिना रंगवला, समितीने टाकी धुतली, समितीने गेट बसवले.’ तिन्ही वाक्यांत समिती तीच आहे, पण क्रियापद जिना, टाकी, गेट यांच्या मागे गेलं. म्हणजे समिती स्त्रीलिंगी असल्याचा इथे काही संबंध नाही. तिच्या जागी ‘सेक्रेटरींनी’ घाला, तरी ‘टाकी धुतली’च राहतं.

आता ‘टाकीला’. ज्याच्यावर काम झालं त्यालाही ‘ला’ लागला, की क्रियापदाला बघायला कुणीच उरत नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. ‘वॉचमनने कुत्रा पकडला’ पण ‘वॉचमनने कुत्र्याला पकडले’. कुत्री असती तरी ‘कुत्रीला पकडले’च. ‘कुत्रीला पकडली’ असं आपण म्हणत नाही. तसंच ‘टाकीला स्वच्छ केली’ हे दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखं झालंय. वहिनी, तुम्ही अडखळलात ते इथेच.

निकम वहिनी: हो, अगदी तिथेच! मग ‘टाकीला स्वच्छ केले’ असं करायचं का?

जोशी काकू: क्रियापदापुरती चूक जाईल, पण मराठी वळण येणार नाही. माणसाला, प्राण्याला ‘ला’ शोभतो. ‘मी काकांना जिन्यात पाहिलं’ हे ‘ना’ काढून म्हणताच येणार नाही. निर्जीव वस्तूला मात्र ‘ला’ उगाच लावू नये. ‘दाराला उघड’, ‘भांड्यांना घास’ असं हल्ली कानावर येतं, आमच्या आजीने ऐकलं असतं तर तिने आधी बोलणाऱ्यालाच घासलं असतं. टाकी स्वच्छ केली. संपलं.

तेजस: पण काकू, ‘टाकीला झाकण नाही’, ‘टाकीला रंग दिला’ हे तर आपण म्हणतोच की.

जोशी काकू: म्हणतो, आणि ते चोख आहे. ‘टाकीला रंग दिला’ मध्ये काय दिलं? रंग. म्हणून ‘दिला’. टाकी तिथे फक्त रंग घेणारी. झाकणाचंही तसंच, ते टाकीला असतं किंवा नसतं. आपल्या ओळीत ‘काय स्वच्छ केलं?’ असं विचारलं तर उत्तर येतं ‘टाकी’. ‘काय’चं उत्तर वस्तू असेल, तर तिचा ‘ला’ काढून वाक्य वाचून बघायचं. नीट चाललं तर तो नको होता.

पगार काका: मग मी असं म्हणतो: ‘समितीने माझी तक्रार विसरली.’ ने आहे, तक्रार स्त्रीलिंगी आहे. बरोबर ना काकू?

जोशी काकू: तक्रार खरी असेल, पण वाक्य चुकलं. ‘समिती माझी तक्रार विसरली.’ विसरणे, शिकणे, म्हणणे अशी थोडी क्रियापदं ‘ने’ घेतच नाहीत. ‘ती मराठी शिकली, ते काय म्हणाले.’ तिथे क्रियापद करणाऱ्याच्याच मागे जातं. ही थोडीच आहेत, कानाने कळतात, पण नियम सरसकट लावू गेलात तर अशी फजिती होते.

पगार काका: म्हणजे समिती विसरली हे तरी लेखी मिळालं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

अनिलभाऊ: काका 🙏 तक्रार नोंदवहीत आहे. काकू, मी ‘ला’ काढला. बघा:

*समितीने या वर्षी पाण्याच्या टाकी स्वच्छ केली असून…*

जोशी काकू: ‘ला’ गेला, पण त्याची सावली राहिली. ‘पाण्याच्या’ हे रूप ‘टाकीला’मुळे आलं होतं. पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला की मागचा ‘ची’ वाकून ‘च्या’ होतो: पाण्याची टाकी, पण पाण्याच्या टाकीला, पाण्याच्या टाकीत. आता प्रत्यय नाही, तर ‘पाण्याची टाकी’. प्रुफात सगळ्यात जास्त चुका अशाच सापडायच्या. एक शब्द बदलायचा आणि त्याला जुळवून घेतलेला शेजारचा शब्द तसाच ठेवायचा. खात्री नसेल तर मध्ये ‘मोठी’ घालून बघा. ‘मोठी टाकी’, ‘मोठ्या टाकीला’. ‘मोठी’ बसत असेल तिथे ‘ची’.

निकम वहिनी: एक मिनिट. टाक्या दोन धुतल्या ना? वरची आणि जमिनीखालची. खालची धुताना मी स्वतः बघितलं, बादलीभर गाळ निघाला.

अनिलभाऊ: हो, दोन्ही धुतल्या. मग ‘पाण्याची दोन्ही टाक्या’?

तेजस: आता मी सांगू? ‘मोठी टाक्या’ म्हणता येत नाही, ‘मोठ्या टाक्या’ म्हणतो. म्हणजे परत ‘पाण्याच्या’.

जोशी काकू: शाब्बास रे. आधीचा ‘च्या’ प्रत्ययामुळे होता, हा अनेकवचनामुळे आला. रूप तेच, कारण वेगळं. आणि क्रियापदही टाक्यांच्या मागे जाईल: *पाण्याच्या दोन्ही टाक्या स्वच्छ केल्या.* ‘केली’ ठेवू नका.

अनिलभाऊ: केल्या. आता शेवटचं ‘राहिल’ बरोबर ना? मोबाईलचा कीबोर्ड तेच सुचवतो.

जोशी काकू: कीबोर्ड लोकांचं बघून शिकतो. ‘राहील’, ही दीर्घ. आणि ‘पाणीपुरवठा’ जोडून लिहा, तो एकच शब्द आहे.

तेजस: पण ‘राहिला, राहिली, राहिले’ सगळे ह्रस्व आहेत. धातू तोच, मग ‘राहील’च दीर्घ का?

जोशी काकू: म्हणूनच सगळे चुकतात. भूतकाळातली ‘हि’ हाताला बसलेली असते, तीच भविष्यकाळात जाते. बोलताना हा फरक कानाला कळत नाही, तेव्हा इथे कानावर विसंबू नका. शेवटच्या अक्षराकडे बघा. शेवटी नुसता ‘ल’ असेल, काना-मात्रा काही नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी दीर्घ. ‘ल’ला काना, मात्रा, वेलांटी काहीही लागलं की आधीची ह्रस्व. राहील, पण राहिला. वकील, पण वकिलाने. गरीब, पण गरिबांना. ‘ल्या’ आला तरी तसंच, ‘राहिल्यास’ ह्रस्व. शिवाय ‘येईल’, ‘होईल’ डोळ्यांसमोर आणा. तिथे ‘इल’ कुणी लिहीत नाही. ‘राहील’ला तोच ‘ईल’ आहे, फक्त ‘ह’मध्ये मिसळलेला.

हे माझ्या घरचं नाही बरं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. त्या अठरांतच हे आहे.

पगार काका: मग आमचे सेक्रेटरी ‘अनील’ का नाहीत? शेवटी नुसता ‘ल’च आहे.

जोशी काकू: वा काका, नेमकं धरलंत. अनिल संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. असे शब्द मूळची वेलांटी सोडत नाहीत: अनिल, जटिल, शिथिल, मंदिर. शेवटच्या अक्षराचा नियम मराठी वळणाच्या शब्दांना. दोन्ही एकत्र लक्षात ठेवायचे तर एक वाक्य देते: ‘अनिल सेक्रेटरी राहील.’ एक ह्रस्व, एक दीर्घ.

पगार काका: ते सभा ठरवेल. 😄

अनिलभाऊ: काका, मला स्वतःलाच राहायचं नाहीये. अर्ज कोण भरतंय?

निकम वहिनी: ग्रुप एकदम शांत झाला बघा.

अनिलभाऊ: असो. अंतिम ओळ:

*समितीने या वर्षी पाण्याच्या दोन्ही टाक्या स्वच्छ केल्या असून यापुढे पाणीपुरवठा सुरळीत राहील.*

जोशी काकू: आता ठीक. ‘केल्या’ऐवजी आपण ग्रुपवर लिहितो तसं ‘केल्यात’ वगैरे करू नका, अहवालात लेखी भाषाच राहू द्या. आणि प्रेसवाला त्याच्या जुन्या फॉण्टमध्ये सगळं नव्याने टाइप करतो. म्हणजे आपण काढलेल्या चुका गेल्या तरी त्याच्या स्वतःच्या येऊ शकतात. प्रूफ मागवा, आणि ग्रुपवर टाका.

*दुसऱ्या दिवशी, दुपारी ४:१०*

अनिलभाऊ: प्रूफ आलं. ‘टाक्या’ आहे, ‘केल्या’ आहे, ‘राहील’ दीर्घ आहे. छापायला सांगू?

तेजस: थांबा भाऊ. ‘सुरळित’ छापलंय. शेवटी नुसता ‘त’ आहे, म्हणजे ळी दीर्घ पाहिजे ना काकू?

जोशी काकू: पाहिजे. मी चष्मा शोधत होते तोवर तू धरलंस.

पगार काका: पुरवठा सुरळीत नाही हे मी कालपासून सांगतोय.

अनिलभाऊ: फोन लावतोय प्रेसला. काका, प्लंबर पाच वाजता येईल, तुमच्या घरी कुणी असेल ना?