मदत हवी आहे: छोट्या आर्किटेक्ट आणि इंटिरियर ऑफिसांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या पानाचं शीर्षक

कोथरूडकर_निखिल
नमस्कार मंडळी. आम्ही तिघांनी मिळून दोन ते पंधरा माणसांच्या आर्किटेक्ट आणि इंटिरियर ऑफिसांसाठी एक सॉफ्टवेअर केलंय. ड्रॉइंगच्या रिव्हिजन, साईट व्हिजिटच्या नोंदी आणि टप्प्याटप्प्याची फी, एवढंच त्यात आहे. सध्या अकरा ऑफिसं पैसे देऊन वापरतात, बहुतेक पुण्यातली.

अडचण पानावरच्या पहिल्या ओळीची आहे. आत्ता तिथे आहे:

"आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर्ससाठी संपूर्ण प्रोजेक्ट मॅनेजमेंट"

महिन्याला साधारण ४०० लोक पान बघतात, बहुतेक गुगलच्या जाहिरातीतून येतात. गेल्या महिन्यात १२ जणांनी डेमो मागितला. फोन केल्यावर कळलं की पाच जण विद्यार्थी होते, त्यांना थ्रीडी काढायचं सॉफ्टवेअर हवं होतं. तीन कॉन्ट्रॅक्टर होते, त्यांना मजुरांची हजेरी हवी होती. आपले म्हणावेत असे चारच. पानावर सगळं स्पष्ट लिहिलंय असं मला वाटत होतं. कुठे चुकतंय?

ग्रोथगुरू_पुणे
सोपं आहे. पाच-सहा शीर्षकं लिहा, ए-बी टेस्ट लावा, जिंकेल ते ठेवा. आपलं मत काढायचंच नाही, आकडे बोलतात. आणि शीर्षक सहा शब्दांच्या वर नको.

साडेसातची_लोकल
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. बाणेरच्या फ्लॅटचं इंटिरियर दिवाळीपर्यंत देतो म्हणाले होते, आता होळी आली. डिझायनर फोन उचलत नाही. हे सॉफ्टवेअर मी घेतलं तर मला काम कुठवर आलंय ते दिसेल का?

कोथरूडकर_निखिल
@साडेसातची_लोकल नाही हो, ते तुमच्या डिझायनरनेच वापरायला हवं. पण बघा, तुम्हालाही हे घरमालकांसाठी आहे असं वाटलं! म्हणजे माझीच ओळ गंडलीय.

एरंडवण्याची_मीनल
निखिल, माझं सहा जणांचं ऑफिस आहे, आर्किटेक्चर आणि इंटिरियर दोन्ही. तुमची ओळ वाचून मी पुढे वाचलंच नसतं. का ते सांगते.

आमच्या धंद्यात 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' म्हणजे पीएमसी, क्लायंट मोठ्या साईटवर वेगळा नेमतो तो सल्लागार. शेड्यूल, मजूर, बिलं तपासणं हे त्याचं काम. (पुण्यात पीएमसी म्हटलं की आधी महापालिका आठवते ते वेगळंच, आमच्या ऑफिसात रोज घोळ होतो.) त्यामुळे तुमची ओळ वाचून मला वाटणार, हे साईटवाल्यांचं काहीतरी आहे. ते तीन कॉन्ट्रॅक्टर तिथूनच आले. आणि 'डिझायनर्ससाठी' म्हटलं की विद्यार्थ्यांना वाटणार चित्र काढायचं सॉफ्टवेअर. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ते आधीच दुसऱ्या कुणाचे झालेत.

'संपूर्ण' तर काढूनच टाका. सहा जणांच्या ऑफिसला तो शब्द ऐकून धडकीच भरते. म्हणजे पुन्हा कुणाला तरी शिकायला बसवा.

@ग्रोथगुरू_पुणे, टेस्टचं तत्त्व ठीक आहे, पण हिशोब करा. ४०० पैकी १२ म्हणजे तीन टक्के. त्याचे साडेचार टक्के झाले, म्हणजे दीडपट, तरी तो फरक खरा की योगायोग हे खात्रीने कळायला प्रत्येक शीर्षकामागे अडीच हजारांच्या आसपास लोक लागतील. दोन शीर्षकांना पाच हजार, म्हणजे वर्षभराच्या वर. सहा शीर्षकं लावली तर निकाल यायच्या आत यांचं भाडं थकेल. शिवाय त्या टेस्टमध्ये विद्यार्थ्याची डेमो-मागणीही जिंकल्यासारखीच मोजली जाणार.

त्यापेक्षा जे पैसे देतात त्यांना फोन लावा. 'फीचर कसं वाटलं' विचारू नका. विचारा, "ज्या दिवशी असं काहीतरी शोधायला बसलात, त्या दिवशी ऑफिसात काय झालं होतं?" आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारायला जाऊ नका.

ग्रोथगुरू_पुणे
हिशोब मान्य. ट्रॅफिक कमी असेल तर टेस्ट नको. पण सहा शब्दांचं मी सोडणार नाही.

कोथरूडकर_निखिल
आठ दिवसांनी परत येतोय. अकरापैकी सात जण बोलले.

चौघांची गोष्ट जवळजवळ सारखीच निघाली. एकीच्या साईटवर सुताराने दुसऱ्या रिव्हिजनवरून वॉर्डरोब केला. चौथ्या रिव्हिजनमध्ये वरच्या बीममुळे उंची चार इंच कमी केलेली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही पीडीएफ होत्या, त्याने वरची उघडली. तो वॉर्डरोब परत करायचा खर्च तिने स्वतः सोसला. दोघे म्हणाले, वाढीव बदलांची फी मागायची राहून जाते. सातवा म्हणाला, "तुमचा चेहरा बघून घेतलं."

म्हणून ही ओळ लिहिली: "सुताराच्या हातात कायम शेवटचंच ड्रॉइंग." कशी वाटते?

एरंडवण्याची_मीनल
दुखणं बरोबर पकडलंत, पण वचन खोटं आहे. सुताराच्या हातात कागद असतो. भिंतीला चिकटवलेली जुनी प्रिंट तुमचं सॉफ्टवेअर काढून नेणार आहे का? पहिल्याच साईटवर तुम्ही तोंडघशी पडाल. तुमचं नेमकं काय चालतं तिथे?

कोथरूडकर_निखिल
प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात क्यूआर येतो. मोबाईल धरला की ही रिव्हिजन चालू आहे की रद्द, ते दिसतं. लॉगिन लागत नाही.

एरंडवण्याची_मीनल
मग तेवढंच सांगा. सुतार दिवसातून चारदा फोन करतो, "मॅडम, हेच शेवटचं ना?" तो फोन बंद होतो, हे तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता. ओळ त्याच वाक्यावर बांधा. कुणासाठी आहे ते खालच्या ओळीत आकड्यासकट घाला, म्हणजे विद्यार्थी आपोआप गळतील. आणि लोक गुगलवर 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट'च शोधतात, तेव्हा तो शब्द शोधात दिसणाऱ्या नावात राहू दे, पानावर मोठ्या अक्षरात नको.

कोथरूडकर_निखिल
असं केलं:

```html
<title>आर्किटेक्ट ऑफिससाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट</title>
<h1>"हेच शेवटचं ड्रॉइंग ना?" हा साईटवरचा फोन बंद</h1>
<p>२ ते १५ जणांच्या आर्किटेक्ट आणि इंटिरियर ऑफिसांसाठी.
प्रिंटवरचा क्यूआर सांगतो, रिव्हिजन चालू की रद्द.</p>
```

कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात पाच जणांना पान पाच सेकंद दाखवून झाकलं आणि विचारलं, हे काय आहे, कुणासाठी आहे. चौघांनी "ड्रॉइंगच्या रिव्हिजनचं, आपल्यासारख्या ऑफिसांसाठी" असं सांगितलं. पाचव्याला वाटलं फोन ब्लॉक करायचं अ‍ॅप आहे.

ग्रोथगुरू_पुणे
आठ शब्द झाले. 😀 पाचवा चुकला कारण 'फोन बंद' शेवटी आलंय. 'विचारायला फोन नको' करून बघा.

इंटिरियरवाली_प्राची
उशिरा येतेय. मी फक्त इंटिरियर करते, माझा सुतार माझ्याच ऑफिसातून ड्रॉइंग घेऊन जातो. माझं दुखणं वेगळं आहे. क्लायंट लॅमिनेट पसंत करतो, माल येतो, मग म्हणतो "मी हा नंबर सांगितलाच नव्हता." ही ओळ वाचून मी तरी थांबले नसते.

एरंडवण्याची_मीनल
प्राचीचं खरं आहे. सातपैकी निव्वळ इंटिरियरवाले किती होते, निखिल?

कोथरूडकर_निखिल
एक. तोच, चेहरा बघून घेतलेला. दोन वेगळी पानं करावीत की आधी आर्किटेक्टांचंच चालवून बघावं, ते अजून ठरत नाहीये. प्राचीताई, क्लायंटच्या मंजुरीची नोंद आमच्यात होते, पण पार तिसऱ्या मेनूत दडलीय. उद्या फोन केला तर चालेल का?

इंटिरियरवाली_प्राची
चारनंतर करा. सकाळी साईटवर असते, फोन सुतारांचेच चालू असतात.

साडेसातची_लोकल
प्राचीताई, बाणेरला कामं घेता का?