मदत हवी आहे: बंगाली जमलं, आता तमिळ सिनेमा कुठून सुरू करू?

मंडळी, आईला बंगाली सिनेमा दाखवायचा म्हणून मी शहाणपणा करून थेट 'पथेर पांचाली' लावला, आई अर्ध्या तासात झोपली. मग 'सोनार केल्ला' (1974) लावला. गुप्तहेर फेलूदा, राजस्थान, मागचा जन्म आठवणारा पोरगा, आई पूर्ण जागी! त्यानंतर 'महानगर'मधली नोकरीला लागलेली सून, तिची ती पर्समध्ये लपवलेली लिपस्टिक... आई म्हणाली, हे तर आपल्या दादरच्या चाळीतलंच की गं.

आता तमिळ. 'काक्का मुट्टै' घ्यायचा विचार आहे, चेन्नईतली दोन पोरं आणि पिझ्झा, गोष्ट साधी आहे म्हणून. पण सबटायटलनी डोकं फिरवलंय. मागच्या आठवड्यात एका जुन्या तमिळ डीव्हीडीला सबटायटलची वेगळी फाइल लावली, सुरुवातीला बरोबर, तासाभराने जवळजवळ अडीच मिनिटं मागे. व्हीएलसीत G दाबून पुढे ओढली तरी परत घसरते. डीव्हीडी सेकंदाला 25 फ्रेमची आणि फाइल 24 ची असेल तर असंच होतं ना? म्हणजे नुसतं सरकवून भागणार नाही, अख्खी फाइल ताणावी-आखडावी लागणार.

दुसरं म्हणजे तमिळ गाण्यांना बऱ्याचदा सबटायटलच नसतात, आणि निम्मी गोष्ट गाण्यातच सरकते. गाण्यांसकट नीट सबटायटल असलेले, फार मारामारी नसलेले तीन-चार तमिळ सिनेमे सुचवा ना. आईचं इंग्रजी वाचन हळू आहे, त्यामुळे धडाधड बोलणारे नकोत.