मदत हवी आहे: बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि रोज सकाळी दुखणारे डोके

केळीबाग:
नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून सिझेरियन होऊन आता तीन आठवडे झाले आहेत. सातपुड्याच्या बाजूने गार वारा येतो म्हणून आजीने तिच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावले आहे, आणि शेकासाठी बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी संध्याकाळी खोलीत येते ती बहुधा सकाळपर्यंत बाजेजवळच असते. बहिणीचे डोके रोज सकाळी उठतानाच दुखते, मळमळते, आणि दहा-अकरा वाजता अंगणात उन्हाला बसल्यावर हळूहळू उतरते. तिच्याजवळ झोपणाऱ्या आईचेही हल्ली सकाळी डोके जड असते. बाळाला डोस द्यायला तालुक्याला गेलो त्या दिवशी बहीण दुपारपर्यंत अगदी ठणठणीत होती. आजीच्या मते तिला वारा लागला आहे, तर मला शेगडीचा संशय येतो. पण निखारे पूर्ण लाल झाल्यावरच शेगडी आत आणतात आणि धूर अजिबात नसतो. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दिसतो. मग शेगडीचा संबंध असू शकतो का?

पांझराकाठ:
सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे असे होते. माझ्या वहिनींनाही झाले होते. भरपूर पाणी आणि चहा-कॉफी द्या, आपोआप थांबेल. शेगडीचे म्हणाल तर धूर नसेल तर काळजीचे कारण नाही. पूर्वीच्या सगळ्या बाळंतिणी शेगडीजवळच निजत होत्या.

भुसावळकर:
आमच्याकडे गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवलेला होता. माझ्या मुलाला अंघोळीनंतर गरगरायचे आणि आम्ही ते उपाशीपोटी अंघोळ केल्यामुळे समजत होतो. एकदा तो आतच कोसळला. सुदैवाने कडी लावलेली नव्हती. आता गीझर बाहेरच्या भिंतीवर आहे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ येतो. तुमच्याकडे गीझर कोठे आहे ते आधी पाहा.

केळीबाग:
आमच्याकडे गीझर नाही, पाणी अंगणातल्या बंबात तापते. प्रश्न केवळ शेगडीचा आहे.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
प्रथम आज रात्रीचे सांगतो: शेगडी खोलीबाहेर काढा आणि गोणपाटही काढा, बाकीचे नंतर पाहू. बहिणीला किंवा आईला गुंगी येत असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा बाळ नेहमीप्रमाणे दूध ओढत नसेल, तर सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करावा. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे खोलीतल्या हवेचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो.

पांझराकाठ यांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. पाठीतल्या इंजेक्शनमुळे डोके दुखते हे खरे, पण ती डोकेदुखी बहुधा पहिल्या काही दिवसांतच सुरू होते, आणि उठून बसल्यावर वाढून आडवे झाल्यावर कमी होते. येथे उलट आहे: रात्रभर आडवे राहून दुखते आणि अंगणात बसल्यावर उतरते. शिवाय आईंना कोणी इंजेक्शन दिलेले नाही. एकाच खोलीत निजणाऱ्या दोघींना एकाच वेळी त्रास होतो आणि खोली सोडली की तो ओसरतो, हा मला यातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो.

धुराबद्दल. निखारे फुलल्यावर त्यांच्यावर लहान निळ्या ज्योती नाचतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तो कार्बन मोनॉक्साइडच जळत असतो. शेगडीच्या तळाशी शिरलेली हवा तापलेल्या कोळशातून वर येताना हा वायू तयार होतो आणि माथ्यावर पुरेशी आच व हवा मिळाली तर तेथेच जळून जातो. रात्री निखाऱ्यांवर राख चढते, आच मंदावते, निळ्या ज्योती मावळतात, पण आतला कोळसा धुमसतच राहतो आणि वायू न जळता खोलीत येतो. म्हणजे आपल्याला शेगडी निवाली असे वाटते, तोच वेळ अधिक धोक्याचा असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

यंत्रावरच्या ९८ वर विसंबू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक ते साधे यंत्र ओळखत नाही, दोन्ही त्याला सारखेच दिसतात.

मात्र बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब अचानक वाढूनही डोके दुखू शकते, आणि मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही याच काळात अधिक असतो. म्हणून शेगडी सापडली तरी उद्याच रक्तदाब मोजून घ्या. डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका येणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर क्षणाचाही विलंब नको.

अमळनेरकर:
मी असे ऐकले आहे की हा वायू जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तेव्हा दाराखाली फट ठेवली आणि बाजेची उंची वाढवली तर चालेल ना?

निवृत्त भूलतज्ज्ञ:
नाही. जमिनीलगत साचतो तो स्वयंपाकाचा गॅस. कार्बन मोनॉक्साइड हवेहून किंचित हलका असून उष्ण हवेबरोबर सगळ्या खोलीत मिसळतो, त्यामुळे बाज उंच करून काहीच साधणार नाही. दाराखालच्या फटीने थोडी हवा येईल, पण रात्रभर धुमसणाऱ्या शेगडीला ती पुरेल असे समजून कोणी झोपू नये.

केळीबाग:
सर्वांचे आभार. शेगडी त्याच रात्री बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी जळगावला नेले, रक्तदाब व्यवस्थित निघाला. रक्ताची तपासणी दुपारी झाली आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सामान्य आले, त्यामुळे आजी म्हणते की शेगडीवर उगाच आळ घेतला. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आहे. डोकेदुखी पुष्कळ कमी आहे, आता श्रेय गोळीचे की शेगडी काढल्याचे ते कळत नाही.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
त्या तपासणीवरून आजींचे म्हणणे सिद्ध होत नाही. साध्या हवेत श्वास घेत असताना रक्तातले हे प्रमाण साधारण चार ते पाच तासांत निम्मे होते, आणि ऑक्सिजन लावला तर एक-दीड तासातच. समजा पहाटे ते १२ टक्के असते, तर सकाळभर अंगणात आणि प्रवासात गेल्यावर दुपारी तीनच्या सुमारास ३ टक्क्यांच्या आसपास आले असते, आणि तेवढे प्रमाण न धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातही आढळू शकते. आणि तुमच्या बाबतीत तर त्या रात्री शेगडी खोलीत नव्हतीच. तेव्हा कारण कागदावर कधीच सिद्ध होणार नाही. आईंना मात्र गोळी दिलेली नाही. त्यांचे डोके आता सकाळी कसे असते?

केळीबाग:
आईचे डोके शेगडी काढल्यापासून जड झालेले नाही. आता आजीची समजूत कशी घालावी? शेक सोडायला ती तयार नाही.

तापीमाय:
मीही आजीच आहे. शेक सोडू नका, शेगडी ओसरीवर मांडा. तिथे तव्यावर सुती फडक्याची घडी गरम करायची, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची आणि मग आत नेऊन शेकायचे. दोन घड्या ठेवल्या की एक आत आणि एक तव्यावर, खंड पडत नाही. ओव्याची धुरीसुद्धा खोलीत नको. माझ्या सुनेला असेच शेकले, आणि खोलीतले गोणपाट काढून तिला दुसरी गोधडी दिली.