टीव्हीचा बोर्ड दुसऱ्यांदा उडाला : स्टॅबिलायझर की स्पाइक बस्टर?

माळावरचं घर
बार्शी तालुक्यात वाडीवर राहतो. ४३ इंची टीव्ही, सव्वा वर्षात दुसऱ्यांदा बोर्ड गेला. पहिला वळवाच्या पावसात, आत्ताचा परवा संध्याकाळी सातला. व्होल्टेजनं गेला म्हणून वॉरंटीत बसत नाही म्हणाले. एक दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर घ्या, दुसरा म्हणतो हल्ली लागत नाही, साडेतीनशेचा स्पाइक बस्टर पुरे. कुणाचं ऐकू?

कोथरूडकर_७९
दुसऱ्याचं. स्टॅबिलायझर ही पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय आहे. तुमच्या टीव्हीच्या पाठीवर लेबल बघा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल. आतला पॉवर सप्लाय एवढ्या पट्ट्यात स्वतःच सांभाळून घेतो. त्याच्यापुढे आणखी एक ट्रान्सफॉर्मर ठेवून चोवीस तास घूं घूं ऐकायची हौस असेल तर घ्या. माझ्याकडे नऊ वर्षं टीव्ही थेट प्लगवर आहे, काहीही झालेलं नाही.

सोल्डरगन
नऊ वर्षं कोथरूडात, साहेब. वाडीवर नऊ महिने लावून बघा.

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. व्होल्टेज कमी झालं म्हणून एलईडी टीव्हीचा बोर्ड सहसा जात नाही. दीडशेवरही तो चालतो, फक्त करंट जास्त ओढतो आणि थोडा जास्त तापतो. भीती वरच्या बाजूची असते, आणि स्पाइक बस्टर तिथं कामाचा नाही.

माळावरचे, एक सांगा. परवा बोर्ड गेला तेव्हा घरात आणखी काय गेलं? आणि मेकॅनिकनं उघडल्यावर आत काय दिसलं?

माळावरचं घर
दोन एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर आणि वायफायचा अ‍ॅडॉप्टर. त्याआधी मिनिटभर पंखा असा पळत होता की आई म्हणाली, रेग्युलेटर कुणी फिरवला? शेजारी चुलत्यांच्या घरात मात्र बल्ब पिवळे, मिणमिणते. बोर्डचा फोटो काढलाय. फ्यूज आतून काळाठिक्कर, त्याच्याशेजारी निळी चकती होती ती फुटून तिची नुसती पावडर उरलीय, आणि मोठा उभा कपॅसिटर वरून फुगलाय.

सोल्डरगन
मग हा सर्ज नाही. सर्ज म्हणजे क्षणाच्या लाखाव्या भागाचा फटका. तुमच्याकडे चढं व्होल्टेज मिनिटभर टिकून होतं.

ती निळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर. बऱ्याच टीव्हीत त्याच्यावर ४७१ छापलेलं असतं. एसी लाटेचं शिखर साधारण ४७० व्होल्टच्या पुढे गेलं की तो आडवा होतो आणि फटका स्वतःच्या अंगावर घेतो. आपल्या २३० व्होल्टचं शिखर असतं ३२५, त्यामुळे एरवी तो झोपलेला. पण लाईनवर ३४०-३५० आलं की शिखर जातं ४८०-४९५ वर, मग तो सेकंदाला शंभर वेळा जागा होतो. फटका झेलायला बनवलेली वस्तू अशी सलग किती वेळ शेकून घेणार? फुटते. मागचा कपॅसिटर ४५० व्होल्टचा, तो फुगतो.

आता गंमत बघा. साडेतीनशेच्या स्पाइक बस्टरमध्ये असलंच तर हेच व्हॅरिस्टर असतं. जे टीव्हीच्या आत फुटलं, तेच बाहेर फुटलं असतं. मी असे कितीतरी स्पाइक बस्टर खोललेत की ज्यात लाल बटण, दिवा आणि पट्ट्या, बाकी काहीच नाही.

खांबावरचा
तीस वर्षं लाईनवर काढली, आता घरी. ही न्यूट्रल सुटल्याची केस आहे, डोळे झाकून सांगतो. चुलत्यांकडे मिणमिण आणि तुमच्याकडे पंखा पळतोय, म्हणजे तुम्ही दोघं वेगळ्या फेजवर आहात. डीपीवर किंवा मधल्या खांबावर न्यूट्रलचा जोड ढिला झाला की दोन फेजवरची घरं एकमेकांना माळेसारखी जोडली जातात. दोघांमध्ये मिळून चारशे. ज्याच्या फेजवर लोड जास्त त्याला कमी व्होल्टेज, ज्याच्या फेजवर कमी त्याला उरलेलं सगळं. संध्याकाळी सातला चुलत्यांच्या फेजवर कुणी हीटर लावला असेल, भरलात तुम्ही.

कोथरूडकर_७९
म्हणजे घरातली वायरिंग तपासून घ्यायला हवी. मेन बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला असणार.

खांबावरचा
नाही हो. एका फेजचं कनेक्शन असलेल्या घरातला स्वतःचा न्यूट्रल सुटला तर लाईट जाते किंवा लपलप करते, ती चढत नाही. चढायला न्यूट्रल तुमच्या घराच्या अलीकडे, जिथं तिन्ही फेजची घरं तो वाटून घेतात तिथं सुटावा लागतो. स्क्रू आवळायला हरकत नाही, पण दुखणं खांबावर आहे. वायरमनला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं डीपीपर्यंत पोचत नाही.

आशा_नगर
माझाही प्रश्न असाच आहे. आमच्या टीव्हीला आवाज येतो पण चित्र नाही, काळा पडदा. स्टॅबिलायझर लावला तर येईल का?

सोल्डरगन
ताई, तुमचं वेगळं. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर मागच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना करंट देणारा भाग गेलाय. त्याचा आणि लाईनचा संबंध बहुधा नसतो. बॅकलाइट कायम १०० वर ठेवल्यानं पट्ट्या तापून जातात. दुरुस्त झाल्यावर ६०-७० वर ठेवा. स्टॅबिलायझरनं चित्र येणार नाही.

सावंतवाडीची_सून
स्टॅबिलायझर असूनही आमचा बोर्ड गेला, म्हणून लिहितेय. मे महिन्यात वीज कडाडली, टीव्ही बंद होता, स्टॅबिलायझरचंही बटण बंद. दुसऱ्या दिवशी टीव्ही सुरू झाला, मेनू दिसतो, पण सेटटॉप बॉक्सचं चित्र कुठल्याच एचडीएमआयवर नाही. मेकॅनिक म्हणाला पॉवर सप्लाय ठणठणीत आहे, मेन बोर्ड गेला.

सोल्डरगन
कारण फटका प्लगमधून आलाच नाही. छतावरच्या छत्रीच्या केबलमधून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत. भिंतीवरचा स्टॅबिलायझर बिचारा दारावर बसलाय आणि चोर खिडकीतून आलाय. विजांच्या दिवसात बटण बंद करून भागत नाही. टीव्हीचा प्लग, बॉक्सचा प्लग आणि छत्रीची केबल, तिन्ही काढा. माळावरचे, तुमचा वळवातला पहिला बोर्ड असाच गेला का, हे फोटो नसताना सांगणं कठीण आहे.

माळावरचं घर
तेव्हाही केबल लावलेलीच होती. बरं, पण घ्यायचं काय?

देशमुख_इलेक्ट्रिकल्स
मी विकतो म्हणून सांगत नाही, पण स्टॅबिलायझर घ्याच. ९० ते २९० पर्यंत सांभाळणारा येतो. त्याच्या वर गेलं की आउटपुट तोडतो. टीव्हीपुरता दीड-दोन हजारात मिळतो. स्टॅबिलायझर जळाला तरी टीव्ही वाचतो.

सोल्डरगन
हाय कट-ऑफ असेल तर. स्वस्तातल्या कित्येकांत तो नसतो, तेव्हा खोक्यावर तो शब्द शोधा. आणि व्होल्टेज सतत हलत असेल तर रिले टकटक करत बसतो, टीव्ही मधेच रीस्टार्ट होतो. गिऱ्हाईक मग टीव्हीच घेऊन येतं माझ्याकडे.

मी वेगळं सांगतो. मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नाही, छोटा आकडा दाखवणारा डबा. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की अख्ख्या घराची लाईट तोडतो, परत जागेवर आलं की थोडं थांबून जोडतो. टीव्हीबरोबर फ्रिज, चार्जर, बल्ब सगळं वाचतं. चारशे व्होल्टपर्यंत टिकतो असं लिहिलेलाच घ्या, नाहीतर तोच आधी जळेल. एमसीबी काढून त्याच्या जागी मात्र बसवू नका, दोघांची कामं वेगळी. आणि चालू लाईनवर स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा.

त्याआधी दोन दिवस मल्टिमीटरनं आकडे घ्या. संध्याकाळी सात आणि रात्री दोन.

माळावरचं घर
घेतले. (वायरमन येऊन डीपीवरचा जोड काढून नवीन करून गेला, त्यानंतरचे.) संध्याकाळी सात : १७८, १८२. रात्री दोनला, पंप बंद असताना : २५९ आणि २६२.

कोथरूडकर_७९
२६२? लेबलवर तर २४० आहे!

सोल्डरगन
२४० लिहिलंय म्हणून २४१ ला फुटत नाही. २६२ चं शिखर ३७० च्या आसपास, कपॅसिटरला अजून जागा आहे. पण हे चांगलंही नाही, तक्रारीत हा आकडा लिहा. प्रोटेक्टर वरून २७५ ला आणि खालून १६० ला लावा. २५० ला लावलात तर रात्रभर घर अंधारात. संध्याकाळी १७८ म्हणजे टीव्हीला स्टॅबिलायझर नको, तो पैसा प्रोटेक्टरला.

देशमुख_इलेक्ट्रिकल्स
हे पटत नाही. १७८ वर फ्रिजचा कॉम्प्रेसर कण्हतो. प्रोटेक्टर काय करणार? १६० च्या वर आहे म्हणून जोडून ठेवणार, नाहीतर तोडून टाकणार. वाढवून तर देणार नाही.

सोल्डरगन
फ्रिजसाठी तुमचं मान्य, फ्रिजला स्टॅबिलायझर हवा. मी टीव्हीबद्दल बोलत होतो.

खांबावरचा
आणि अर्थिंग? कुणीच विचारलं नाही. घरात तिसऱ्या पिनेला वायर आहे का, की भोक नुसतं शोभेला? विजेच्या फटक्यासाठी मेन बोर्डात मोठा सर्ज प्रोटेक्टर बसवायचा म्हटलं तर अर्थिंगशिवाय तो कुठं टाकणार तो फटका?

माळावरचं घर
पिनेत वायर आहे, पण अंगणात ती कुठं जाते ते वडिलांनाही आठवत नाही. उद्या उकरून बघतो. प्रोटेक्टर कालच बसवला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली, डब्यावर २७७ दिसत होते, दोन मिनिटांनी परत आली. वडील म्हणतात डबाच खराब आहे, पूर्वी रात्री कधी लाईट जात नव्हती.

आणि जळालेल्या बोर्डाचे २८०० वीज कंपनीकडून कुणाला मिळालेत का? फोटो, तारीख, वायरमनची पोच सगळं आहे.

सावंतवाडीची_सून
आम्ही अर्ज दिला होता. वीज पडणं ही नैसर्गिक आपत्ती म्हणून परत आला. तुमची गोष्ट वेगळी आहे, देऊन बघा.